‘बाष्प’ राहू द्या, वाक्य मोडा: अनुवादित विज्ञान-परिच्छेद पाचवीच्या मुलांसाठी सोपा कसा करावा

इंदूरमधली बरीच मराठी मुले शाळेत हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात आणि मराठी घरी बोलतात. त्यांच्यासाठी मराठी वाचनाचे कागद तयार करताना विज्ञानाचा मजकूर बहुतेक वेळा भाषांतरित असतो, आणि तो मुळात आठवी-नववीच्या मुलांसाठी लिहिलेला असतो. तो पाचवीच्या पातळीवर आणायचा तर दोन टोकांच्या चुका होतात. कोणी अवघड दिसणारा प्रत्येक शब्द काढून टाकतो, आणि मग विज्ञानाचा शब्दच उरत नाही. कोणी संज्ञा जपायच्या म्हणून सगळे वाक्यच जपतो, आणि मूल दुसऱ्या ओळीवर अडकते. संज्ञा ठेवायच्या आणि त्यांच्याभोवतीची भाषा मोडून नव्याने बांधायची, हे काम कसे करायचे ते एका परिच्छेदावर सविस्तर पाहू.

परिच्छेद असा आहे:

«सौर प्रारणांद्वारे प्रदान केल्या गेलेल्या ऊर्जेमुळे जलाशयांच्या पृष्ठभागावरील पाण्याच्या रेणूंना, जे द्रवाच्या अंतर्गत आकर्षण बलांवर मात करण्यास पुरेशी गतिज ऊर्जा प्राप्त करतात, वातावरणात बाष्पाच्या स्वरूपात निसटून जाणे शक्य होते, ज्या प्रक्रियेस बाष्पीभवन असे संबोधले जाते. हे बाष्प उंचीवर गेल्यावर, जेथे तापमान कमी असते, धूलिकणांसारख्या सूक्ष्म कणांभोवती संघनित होऊन ढगांची निर्मिती करते.»

दोन वाक्ये, 51 शब्द. पहिल्याच वाक्यात 35. विज्ञान बरोबर आहे, पण वाक्याची बांधणी इंग्रजीची आहे. ‘जे’ने सुरू होणारा भाग वाक्याच्या पोटात घुसला आहे आणि ‘ज्या प्रक्रियेस’ शेपटीसारखे मागे लटकले आहे.

आधी दाव्यांची यादी

पेन हातात घेऊन लगेच शब्द बदलायला लागू नका. कोऱ्या कागदावर परिच्छेद नेमके काय सांगतो ते तुटक वाक्यांत उतरवा. इथे सात गोष्टी निघतात. ऊर्जा सूर्याकडून येते. पाणी वरच्या थरातून जाते. कण एकमेकांना धरून असतात, आणि पुरेशी ऊर्जा मिळालेलेच कण सुटतात. सुटलेले कण बाष्प म्हणून हवेत जातात, याला बाष्पीभवन म्हणतात. उंचावर तापमान कमी असते. तिथे बाष्पाचे धुळीसारख्या कणांभोवती संघनन होते. त्यातून ढग बनतात.

ही यादी शेवटपर्यंत जवळ ठेवायची. सोपे करताना गोष्टी गळतात, आणि गळलेली गोष्ट गुळगुळीत झालेल्या मजकुराकडे पाहून कळत नाही. ती फक्त यादीशी ताडून पाहिली तरच कळते.

कोणती संज्ञा राहील, कोणती जाईल

आता परिच्छेदातल्या संज्ञांखाली रेघ मारा: प्रारण, रेणू, गतिज ऊर्जा, बाष्प, बाष्पीभवन, तापमान, संघनन. एका छोट्या परिच्छेदात पाचवीचे मूल तीन नव्या संज्ञा सांभाळू शकते; त्याहून जास्त झाल्या तर तो शब्दांचा पाढा होतो. प्रत्येक संज्ञेला एकच प्रश्न विचारा: ही काढली तर धडा सांगायचा राहतो का, की फक्त खोली कमी होते? बाष्पीभवन काढले तर धडाच उरत नाही. संघननाचेही तसेच. बाष्प हा या दोघांमधला दुवा आहे. गतिज ऊर्जा काढली तर खोली कमी होते, पण ‘वेगाने हलणारे कण’ एवढ्याने पाचवीचे काम भागते. प्रारणही जाऊ शकते. तापमान मुलांना आधीच माहीत असते, त्यामुळे त्याची वेगळी ओळख नको.

राहिला रेणू. तो पाचवीला काढावा असे आमचे मत आहे, आणि त्याचे कारण खास इंदूरचे आहे. मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा सर्वांत लहान घटक आणि अणू जोडून झालेला तो रेणू. हिंदी पुस्तकात पहिल्याला ‘परमाणु’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘अणु’. म्हणजे शाळेत ‘जल का अणु’ वाचणारे मूल मराठीत ‘पाण्याचा रेणू’ वाचते, आणि पुढे ‘अणू’ भेटला की तो हिंदीतलाच समजते. हा गोंधळ सोडवायला एक स्वतंत्र पान लागते. तो बाष्पीभवनाच्या परिच्छेदात घुसवू नये. इथे ‘पाण्याचे कण’ म्हणावे.

पण ‘कण’ घेतला की लगेच दुसरा खड्डा येतो. मूळ परिच्छेदात धूलिकणही आहेत. पाण्याचाही कण आणि धुळीचाही कण झाला की मूल विचारते, कोणता कण कशावर बसला? म्हणून धुळीला फक्त ‘धूळ’ म्हणायचे आणि ‘कण’ हा शब्द पाण्यासाठी राखून ठेवायचा. तसेच रेणूच्या जागी ‘बारीक थेंब’ कधीही घालू नका. थेंब म्हणजे असंख्य रेणूंचे द्रव पाणी. ‘पाण्याचे बारीक थेंब हवेत उडतात’ असे लिहिले तर ते बाष्पीभवन राहत नाही, ते फवारा उडणे झाले.

बाष्प आणि वाफ

या विषयात सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडे थांबू. ‘बाष्प’ अवघड वाटतो आणि ‘वाफ’ घरातला शब्द आहे, म्हणून संपादकाचा हात आपोआप ‘वाफ’कडे जातो. पण बोलण्यात वाफ म्हणजे जी दिसते ती: चहाच्या कपावरचा, भाताच्या पातेल्यावरचा पांढरा धूसर लोट. तो लोट म्हणजे बाष्प नाही. हवेत येऊन थंड झालेल्या बाष्पाचे ते अतिशय बारीक थेंब आहेत, म्हणजे तिथे संघनन होऊन गेलेले आहे. खरे बाष्प डोळ्यांना दिसत नाही.

‘वाफ’ घातली की मूल दोन चुकीच्या गोष्टी शिकते. एक, बाष्पीभवन झाले की काहीतरी पांढरे वर जाताना दिसले पाहिजे. मग दोरीवरचे कपडे वाळतात तेव्हा वाफ का दिसत नाही, याचे त्याला उत्तर सापडत नाही. दोन, ढग म्हणजे वाफच, म्हणजे संघनन काही वेगळे नाही. दोन्ही संज्ञांतला फरक एका घरगुती शब्दाने पुसला गेला. म्हणून ‘बाष्प’ ठेवा आणि त्याच्याजवळ ‘डोळ्यांना दिसत नाही’ एवढे छोटे वाक्य अवश्य द्या. मूळ परिच्छेदात ते नाही, तरी द्या. सोपे करणे म्हणजे नेहमी वजाबाकीच असते असे नाही.

उदाहरण निवडतानाही हाच फरक सांभाळावा. इंदूरचे पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवून गरम राखतात. त्यावरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब हे संघननाचे उत्तम उदाहरण आहे, प्रत्येक मुलाने पाहिलेले. पण तेच भांडे बाष्पीभवनाचे उदाहरण म्हणून देऊ नका. तिथे पाणी उकळत असते, आणि मुलाच्या मनात ‘उकळले की बाष्पीभवन’ असे समीकरण बसते. बाष्पीभवन कोणत्याही तापमानाला होते आणि पृष्ठभागावरूनच होते. उकळताना पाण्याच्या आतही बाष्पाचे बुडबुडे तयार होतात. बाष्पीभवनासाठी वाळणारे कपडे, पुसलेली फरशी किंवा कूलरमधले कमी होत जाणारे पाणी घ्या. सिरपूर तलाव उन्हाळ्यात आटतो, त्यात बाष्पीभवनाचा मोठा वाटा असतो, तेही चालेल. नळाचे पाणी मात्र या धड्यात आणू नका. इंदूरला नर्मदेचे पाणी जलूदहून पंपांनी चढवून आणतात. ती वाट जलचक्राची नाही, आणि ‘नर्मदेचे पाणी आपल्याकडे वर येते’ असे वाक्य धड्यात आले की मूल दोन्ही गोष्टी एकत्र करते.

वाक्य मोडणे, पण कारण न मोडणे

इंग्रजीतली वाचनपातळी मोजण्याची सूत्रे मराठीला जशीच्या तशी लावू नका. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘पृष्ठभागावरील’ हा मोजणीत एक शब्द असला तरी त्यात तीन-चार शब्दांचे काम भरलेले आहे. कामापुरता नियम असा ठेवावा: पाचवीसाठी सरासरी सात-आठ शब्दांचे वाक्य, कोणतेही वाक्य बारा शब्दांच्या पुढे नाही, आणि एका वाक्यात एकच नवी गोष्ट.

मोडण्याची जागा क्रियापदावरून सापडते. पहिल्या वाक्यात कोण काय करते ते शोधा: ऊर्जा मिळते, कण वेगाने हलतात, आकर्षण तुटते, कण निसटतात, त्याला नाव देतात. पाच क्रिया म्हणजे साधारण पाच वाक्ये. मग कर्मणी आणि नामप्रधान रचना काढा. ‘संबोधले जाते’चे ‘म्हणतात’ होते. ‘ढगांची निर्मिती करते’चे ‘ढग बनतो’ होते. ‘निसटून जाणे शक्य होते’चे ‘निसटतात’ होते. भाषांतरात क्रियापदाचे नाम करून पुढे ‘करणे’, ‘होणे’ जोडलेले असते. ते उलटे फिरवले की अर्धे ओझे उतरते.

धोका पुढे आहे. वाक्ये तोडताना ‘म्हणून’, ‘कारण’, ‘त्यामुळे’ हेही तुटून पडतात. असे पाहा: ‘बाष्प वर जाते. वर थंडी असते. पाणी होते.’ तिन्ही वाक्ये सोपी आहेत, पण थंडीमुळे पाणी झाले की वर गेल्यामुळे, हे मुलाला स्वतः जोडावे लागते. मोठा वाचक ते जोडतो, लहान जोडत नाही. म्हणून ‘उंचावर थंडी असते, म्हणून तिथे बाष्पाचे पुन्हा पाणी होते’ असे नऊ शब्दांचे एकच वाक्य ठेवा. दोन छोट्या वाक्यांपेक्षा ते वाचायला सोपे आहे. दाव्यांच्या यादीत जिथे एक गोष्ट दुसरीचे कारण आहे, तिथे बाण काढा आणि प्रत्येक बाणासाठी मजकुरात जोडणारा शब्द आहे का ते तपासा.

एक छोटा शब्द विशेष जपा: ‘काही’. ‘पाण्याचे काही कण हवेत निसटतात’ यातला ‘काही’ काढला तर सगळे पाणी एकदम निघून जाते असा अर्थ होतो. सोपे करताना ‘काही’, ‘बहुतेक’, ‘हळूहळू’ हे शब्द निरुपयोगी वाटून आधी उडतात, आणि विधान खोटे होते.

इंदुरी कानाने शब्द तपासा

पुण्याच्या पाचवीसाठी सोपा असलेला शब्द इंदूरच्या पाचवीसाठी सोपा असेलच असे नाही, आणि उलटही खरे आहे. तत्सम शब्द काढून देशी शब्द घाला, हा सरसकट सल्ला इथे चुकतो. आकर्षण, ऊर्जा, वातावरण हे शब्द हिंदी पुस्तकातून मुलांच्या ओळखीचे झालेले असतात. ‘आकर्षण’च्या जागी ‘ओढ’ घातली तर शब्द लहान होतो, पण हिंदी वाचणाऱ्या मुलाला ‘ओढ़ना’ आठवते, म्हणजे अंगावर घेणे. इथे ‘आकर्षण’च ठेवावे.

‘ऊन’ हिंदीत लोकर असते, तरी तो शब्द मुलांनी आईच्या तोंडून रोज ऐकलेला असतो, म्हणून तो चालतो. घरात ऐकलेला शब्द आणि फक्त छापलेला मराठी शब्द यांत हा फरक करावा लागतो. ‘प्रदान’, ‘संबोधणे’, ‘जेथे’ हे घरातही नाहीत आणि कामाचेही नाहीत. ते सरळ काढा.

संज्ञांच्या बाबतीत हिंदी नाव लपवू नका. परिच्छेदाखाली छोटी चौकट द्या:

बाष्पीभवन: पाण्याचे बाष्प होणे. हिंदी पुस्तकात: वाष्पीकरण, वाष्पन.
बाष्प: हवेतले न दिसणारे पाणी. हिंदीत: वाष्प.
संघनन: बाष्पाचे पुन्हा पाणी होणे. हिंदीतही संघनन.

चौकट परिच्छेदाच्या आत नको, खाली हवी. आत दोन-दोन नावे आली की वाचन अडखळते. मराठीतल्या भूगोलात संघननाला ‘सांद्रीभवन’ही म्हटलेले सापडते, एका कागदावर एकच नाव वापरा. वाक्ये सुंदर व्हावीत म्हणून संज्ञेला पर्यायी शब्द वापरण्याची सवय निबंधाला शोभते. इथे मूल दोन नावांना दोन वेगळ्या गोष्टी समजते.

संज्ञेची ओळख करून देणे

आधी घटना, मग नाव. ‘बाष्पीभवन ही अशी प्रक्रिया आहे की...’ असे सुरू केले तर मुलाला रिकामे नाव घेऊन वाक्याच्या शेवटापर्यंत चालावे लागते. कण हवेत निसटताना दाखवा आणि मग म्हणा, याला बाष्पीभवन म्हणतात.

पहिल्यांदा संज्ञा विभक्तीशिवाय, मूळ रूपात यावी. ‘बाष्पीभवनामुळे’ असे पहिले दर्शन झाले तर मुलाला शब्द कुठे संपतो तेच कळत नाही. ‘संघनित होऊन’ हे रूप पाचवीला टाळा. ‘संघनन’ आणि ‘संघनित’ एकच कुटुंब आहे हे या वयाला आपोआप दिसत नाही. ‘संघनन होते’ लिहा.

बाष्पीभवन मोठा शब्द आहे, पण फोडून दाखवला की सोपा होतो: बाष्प आणि भवन. भवन म्हणजे होणे. इंदूरच्या मुलांना भवन म्हणजे इमारत एवढेच माहीत असते, म्हणून शिकवणाऱ्याने हे एक वाक्य तोंडी जरूर सांगावे. मग हिंदीतले ‘करण’ म्हणजे करणे, हेही मुले स्वतःच जोडतात.

तयार मजकूर

«ऊन पडले की तलावाच्या पाण्याला उष्णता मिळते. पाण्याच्या वरच्या थरातले काही कण ही उष्णता घेऊन वेगाने हलू लागतात. वेगाने हलणारे कण बाकीच्या कणांचे आकर्षण तोडून हवेत निसटतात. हवेत मिसळलेल्या या कणांना बाष्प म्हणतात. पाण्याचे असे बाष्प होणे म्हणजे बाष्पीभवन. सावलीतही बाष्पीभवन होते, पण हळू. बाष्प डोळ्यांना दिसत नाही.

हे बाष्प हवेबरोबर उंच जाते. उंचावर थंडी असते, म्हणून तिथे बाष्पाचे पुन्हा पाणी होते. बाष्पाचे पुन्हा पाणी होणे म्हणजे संघनन. संघनन होताना पाणी हवेतल्या धुळीवर जमते आणि त्याचे बारीक थेंब तयार होतात. असे असंख्य थेंब मिळून ढग बनतो.»

बारा वाक्ये, 86 शब्द. मूळ परिच्छेदापेक्षा 35 शब्द जास्त आहेत, आणि ते तसेच असायला हवे. घट्ट बांधलेले गाठोडे सोडले की जागा जास्त लागते. ‘सोपा’ आणि ‘छोटा’ यांची गल्लत करून कोणी शब्दसंख्येवर मर्यादा घातली, तर पहिली कात्री ‘म्हणून’ आणि ‘काही’वर पडते. पानावर जागा कमी असेल तर संघननाचा भाग दुसऱ्या पानावर न्या.

‘सावलीतही’ हे वाक्य मुद्दाम घातले आहे. ‘ऊन पडले की’ने सुरुवात झाल्यामुळे बाष्पीभवन फक्त उन्हात होते असा समज होऊ शकला असता. ‘ऊर्जा’ची ‘उष्णता’ केली, ती या इयत्तेला चालते. यादीशी ताडले तर सातही गोष्टी जागेवर आहेत.

मुलांसमोर तपासणी

तीन मुलांकडून स्वतंत्रपणे मोठ्याने वाचून घ्या आणि अडखळण्याच्या जागांवर खूण करा. संज्ञेवर पहिल्यांदा अडखळणे ठीक आहे. दुसऱ्यांदा ती आली तेव्हा सरळ वाचली का ते पाहा. संज्ञा सोडून दुसऱ्या शब्दावर दोन मुले अडखळली तर तो शब्द बदला. सरळ वाचूनही मूल वाक्याच्या मधेच श्वास घेत असेल तर वाक्य लांब आहे.

मग कागद बाजूला ठेवून विचारा: कूलरमध्ये सकाळी भरलेले पाणी संध्याकाळी कमी का होते? उत्तरात ‘बाष्पीभवन’ आले तर संज्ञा बसली. ‘वाष्पीकरण हो गया’ आले तर कल्पना बसली आहे, मराठी नाव बसायचे आहे. चौकट पुन्हा वाचून घ्या. ‘पाणी उकळले’ किंवा ‘कूलरने पिऊन टाकले’ आले तर मजकुरातली तिसरी आणि चौथी वाक्ये पोचली नाहीत. ती फळ्यावर चित्र काढून पुन्हा सांगा आणि कुठल्या शब्दाने अडवले ते पाहा. दुसरा प्रश्न: पोह्यांच्या झाकणाला आतून थेंब कुठून आले? इथे ‘बाष्पीभवन’ असे उत्तर आले तर दोन संज्ञा मिसळल्या आहेत. बहुतेक वेळा याचे कारण मजकुरात कुठेतरी ‘वाफ’ शिरलेली असते.

हाच परिच्छेद सातवी-आठवीसाठी वर न्यायचा असेल तर पाचवीचा मजकूर घ्या, मूळ भाषांतर नको. ‘कण’च्या जागी ‘रेणू’ आणा, चौकटीत ‘रेणू: हिंदीत अणु; अणू: हिंदीत परमाणु’ ही ओळ वाढवा, ‘वेगाने हलणारे’च्या पुढे गतिज ऊर्जेचे एक वाक्य जोडा, आणि ‘संघनित’ हे रूप तिथे पहिल्यांदा दाखवा.